‘फक्त ५जी’ निवडल्यावर नेटवर्क का जाते? या चुका टाळा

नाशिकमध्ये सातपूरच्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने नवा ५जी फोन घेतला, वेग वाढावा म्हणून *#*#4636#*#* हा कोड दाबून नेटवर्कच्या प्रकारात NR only, म्हणजे फक्त ५जी, निवडले आणि त्याच क्षणी फोनवरून सेवाच गायब झाली, असे समजा. बहुतेकांचा पहिला संशय टॉवरवर जातो आणि दुसरा सिमकार्डवर. परंतु त्याच्या कंपनीचे ५जी नॉन-स्टँडअलोन पद्धतीचे असेल, तर दोष त्या निवडीतच आहे.

या पद्धतीत फोन आधी ४जी टॉवरशी जोडला जातो. नोंदणी, सिमची ओळख पटवणे आणि जोडणीचे नियंत्रण हे सारे ४जीकडेच असते. जवळ ५जीचा पुरेसा सिग्नल आहे असे फोनने कळवले, की ४जी टॉवर डेटासाठी ५जीची जादा जोडणी देतो. ४जीला मनाई केली, तर ही जोडणी मागायलाच कोणी उरत नाही. NR/LTE, म्हणजे ५जी आणि ४जी दोन्ही, असलेला पर्याय पुन्हा निवडावा; सेवा परत येते.

कंपन्यांनी ही रचना का स्वीकारली, हे समजले तर पुढच्या चुका टळतात. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने नॉन-स्टँडअलोनचे मानक डिसेंबर २०१७मध्ये आणि ४जीच्या आधाराविना चालणाऱ्या स्टँडअलोनचे जून २०१८मध्ये पूर्ण केले. शिवाय ग्राहकांच्या नोंदी, बिलिंग आणि व्होल्टी कॉल ४जीच्या कोअरवर, म्हणजे टॉवरांमागच्या मध्यवर्ती यंत्रणेवर, आधीच सुरळीत चालत होते, त्यामुळे नवा कोअर उभारण्याआधी केवळ नवे रेडिओ बसवून सेवा देता आली. भारतात ऑक्टोबर २०२२मध्ये एअरटेलने याच मार्गाने सुरुवात केली, तर जिओने स्वतंत्र ५जी कोअर निवडला. घाईच्या काळात पहिला निर्णय मला व्यवहार्य वाटतो, मात्र त्यात ५जीची सेवा ४जीच्या अवस्थेवर अवलंबून राहते.

म्हणूनच चिन्हावर विसंबणे ही दुसरी चूक होय. पंचवटीतल्या जाड भिंतींच्या वाड्यात फोनवर ५जी दिसत असूनही डेटा पूर्णपणे ४जीवरून जात असू शकतो, कारण ‘या भागात ५जीची सोय आहे’ अशी सूचना ४जी टॉवरच देतो आणि अनेक फोन तेवढ्यावरच चिन्ह दाखवतात, तर ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी अशा भिंतींतून फारशा आत येत नाहीत. मोठी फाइल डाउनलोड होत असताना त्याच कोडच्या पडद्यावर NR State (NSA) पाहावे. तिथे CONNECTED असेल तरच ५जीची जोडणी खरोखर चालू आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा पडदा बंद केलेला असतो. तेव्हा खिडकीशी आणि आतल्या खोलीत वेग मोजून तुलना करावी.

कॉल लागताच चिन्ह ४जीवर आले, तर तो बिघाड नव्हे. नॉन-स्टँडअलोनमध्ये आवाज ४जीवरच्या व्होल्टीवरूनच जातो. स्टँडअलोन नेटवर्कवरही फोनला ५जीवरून कॉल करण्याची सोय नसेल, तर कॉलसाठी त्याला ४जीवर यावे लागते, त्यामुळे तिथेही ‘फक्त ५जी’ निवडल्यास इंटरनेट चालू राहून कॉल मात्र अडू शकतात.