कबड्डीच्या जर्सीचं माप घेण्याआधी

गेल्या वर्षी आम्ही बाराही खेळाडूंना फोनवर साईज विचारली आणि तशीच ऑर्डर दिली. चार जर्स्या चुकल्या. नाव-नंबर छापलेला माल कोणी परत घेत नाही, त्यामुळं त्या चौघांनी वर्षभर दुसऱ्याचं नाव पाठीवर घेऊन चढाया केल्या. यंदा दुकानदाराकडून आधी नमुन्याचा संच मागवा, ३६ ते ४४ अशा पाच जर्स्या. ज्या कापडाची आणि ज्या कटिंगची जर्सी शिवायची, त्याचाच संच हवा, हे फोनवर दोनदा सांगा. जाड कापडाच्या जुन्या टी-शर्टचा संच आला तर तो काही कामाचा नाही.

संच आला की पोरांना बोलावण्याआधी तो स्वतः मोजा. जर्सी सतरंजीवर पालथी पसरा, सुरकुत्या हातानं काढा पण ताणू नका. बगलेच्या शिवणीखाली एक इंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावा, येईल त्याची दुप्पट म्हणजे छाती. लांबी खांदा आणि गळा जिथं मिळतो तिथून सरळ खालच्या काठापर्यंत. आमच्या संचात ३८ लिहिलेल्या जर्सीची छाती ३९ निघाली आणि लांबी २७. ४० ची छाती ४२, लांबी २८. लेबलवरचा आकडा म्हणजे कापडाचं माप नव्हे, म्हणून खरं माप कागदाच्या पट्टीवर लिहून प्रत्येक जर्सीला टाचणीनं लावा. टेपही तपासून घ्या. घरच्या शिलाई मशीनच्या डब्यातली जुनी टेप ताणून लांबलेली असू शकते, शाळेतल्या स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा.

माप सकाळी, सरावाच्या आधी घ्या. घामेजलेल्या अंगावर जर्सी चिकटते, आणि पाचव्या पोराला ओली जर्सी कोण घालायला लावणार! बाराही जण एकाच वेळी नकोत, चार-चार बोलवा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं. टेप बगलेखालून, छातीच्या भरदार भागावरून, पाठीवर आडवी सरळ. हात खाली, श्वास नेहमीचा. आमच्याकडं टेप लावली रे लावली की प्रत्येकाची छाती दोन इंच फुगते. "सोड ना बे श्वास, लग्नाचं माप नाही हे," असं म्हटलं की पोरगा हसतो आणि खरं माप मिळतं.

छातीच्या मापापेक्षा जर्सी दोन इंच मोठी असली की कबड्डीला पुरते, तीनपर्यंत चालते. त्याहून सैल झाली की बचाव करणाऱ्याच्या मुठीत आयतं कापड येतं. घालून पाहिल्यावर दोन्ही बगलांखाली कापडाची चिमूट धरा. अर्धा-पाऊण इंचाची घडी आली तर बरोबर.

खरी गंमत लांबीची. नुसतं उभं राहून लांबी ठरवू नका, चढाईचा पवित्रा घ्यायला लावा: एक पाय मागं, कंबर वाकवून एक हात पुढं पूर्ण ताणलेला. आमच्या सगळ्यात उंच रेडरची छाती ३७. त्याला ३८ ची जर्सी छातीला अगदी नेमकी बसली, पण हात ताणताच काठ शॉर्टच्या वर सरकला आणि पाठ उघडी पडली. तो म्हणाला, "भाऊ, मले ४० च द्या." ४० घातली तर लांबी फक्त एक इंच वाढली आणि छातीला पाच इंच ढिली. लांबीसाठी साईज वाढवणं हीच गेल्या वर्षीची चूक. त्याच्या नावापुढं "साईज ३८, लांबी २९" असं लिहिलं. छपाईच्या आधी कळवलं तर दुकानदार तेवढी लांबी वाढवून देऊ शकतो, कापड छापून कापल्यावर नाही. म्हणून वहीत लांबीचा रकाना वेगळा ठेवा.

मुलींच्या संघाचं माप बाईनंच घ्यावं, बंद खोलीत. तिथं छातीसोबत नितंबाजवळचा घेरही पाहा, पुष्कळदा जर्सी तिथंच अडते.

पुण्याला कामाला गेलेल्याकडून शरीराचं माप मागू नका. त्याला नीट बसणारी त्याचीच जर्सी पसरून, टेप लावून फोटो पाठवायला सांगा, छातीचा वेगळा आणि लांबीचा वेगळा.

शेवटी नाव, नंबर, साईज, लांबी असं लिहून प्रत्येकाची सही घ्या. नाव ज्या स्पेलिंगनं छापायचं त्याच स्पेलिंगनं खेळाडूनं स्वतः लिहावं. छपाईआधी दुकानदार डिझाइन पाठवतो, तेव्हा लांबी २९ चा उल्लेख त्याच्या यादीत आला का, एवढं पाहून मगच होकार द्या. गठ्ठा आला की पहिली तीच जर्सी काढून मोजा.