व्हीट बिअरमधलं केळं आणि लवंग: २० लिटरच्या बॅचची तयारी

बव्हेरियन गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो, पण तिच्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्टने तयार केलेले असतात. केळं म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे एस्टर, आणि लवंग म्हणजे ४-व्हिनाइलग्वायाकॉल हे फिनॉल. म्हणून यादीत सगळ्यात आधी यीस्ट. वायहेनस्टेफान ६८ हा मूळ वाण, वायईस्ट ३०६८ ही त्याची द्रवरूप आवृत्ती. कोरडं हवं असेल तर लालमांडचं म्युनिक क्लासिक चालतं. पाकिटावर नुसतं ‘व्हीट’ लिहिलेलं पाहून फसू नये; अमेरिकन व्हीट यीस्ट हे दोन्ही वास जवळजवळ देतच नाही, आणि मग गहू कितीही घाला, उपयोग नाही.

धान्यात अडीच किलो गव्हाचं माल्ट आणि दोन किलो पिल्सनर माल्ट घ्यावं. गव्हाला साल नसते, त्यामुळे गाळताना लगदा चिकटून बसतो. मूठ-दोन मूठ भाताची तुसं मिसळली की वाट मोकळी राहते. हॉप्स बेताचे, हालरटाउसारखे सौम्य, २५ ग्रॅम, तासभर उकळायला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी घालवलंच पाहिजे. नाहीतर ते फिनॉलशी जुळून लवंगेऐवजी बँडेजपट्टीसारखा औषधी वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट त्यासाठी पुरते.

लवंगेची खरी तयारी मॅशमध्ये, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजत असताना होते. यीस्ट लवंग बनवतं ती धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून, आणि हे आम्ल सुटतं सुमारे ४४ अंशांना. तेव्हा १० लिटर पाणी ४७-४८ अंशांपर्यंत तापवून त्यात धान्य ओतावं, मिश्रण ४४ वर येतं. तिथे २० मिनिटं थांबावं. मग साधारण सव्वाआठ लिटर उकळतं पाणी हळूहळू ढवळत घातलं की तापमान ६६ वर पोहोचतं, तिथे तासभर. दरवेळी थर्मामीटरने खात्री करावी, कारण भांडं किती उष्णता खातं ते ज्याचं त्याचं वेगळं. ही ४४ अंशांची पायरी गाळली तरी बिअर होते, फक्त लवंग मागे पडते.

केळ्याची सूत्रं फर्मेंटरमध्ये असतात. वॉर्ट, म्हणजे धान्यापासून गाळून हॉप्सबरोबर उकळलेला गोड रस, १७ अंशांपर्यंत थंड करून त्यात यीस्ट घालावं आणि पहिले दोन-तीन दिवस १८च्या आसपास ठेवावं. मग २० पर्यंत चढू द्यावं. इतकं केल्यावर दोन्ही वास साधारण तोलात राहतात. २२ला केळं लवंगेला झाकतं. त्याहून वर गेलं तर नेलपॉलिशसारखा वास येतो, तो इथिल अ‍ॅसिटेटचा. एक गोष्ट नेहमी विसरली जाते: जोरात आंबत असताना आतलं द्रव खोलीपेक्षा तीन-चार अंश गरम असतं. म्हणून थर्मामीटर फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून कापड गुंडाळावं, भिंतीवरचा आकडा कामाचा नाही. यीस्टचं प्रमाण थोडं हात आखडून ठेवलं तर एस्टर वाढतात, पण फार कमी केलं तर आंबणंच रेंगाळतं. या यीस्टचा फेसही अफाट असतो, तेव्हा २० लिटरसाठी ३० लिटरचं भांडं आणि एअरलॉकऐवजी जाड नळी. मधेच सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नये. तो बहुतेकदा आठवड्याभरात उडून जातो.

बाटल्या जाड काचेच्या आणि नीट तपासलेल्या. या बिअरला वायू भरपूर लागतो, त्यासाठी बाटलीत भरताना २० लिटरला सुमारे २०० ग्रॅम साखर. साध्या पातळ बाटल्या इतका दाब सोसतीलच असं नाही. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस जागचा हलला नाही, की मगच बाटलीत भरावं. घाई केली तर बाटली फुटते.

बाटल्या दोन आठवडे खोलीत, मग फ्रिजमध्ये उभ्या. केळ्याचा वास काही महिन्यांत विरतो, म्हणून ही बिअर साठवून ठेवण्यात काहीच हशील नाही.

वाढताना तापमान ७-८ अंश. त्याहून थंड असेल तर नाकाला काहीच लागत नाही. ग्लास उंच, अर्धा लिटरचा, वर रुंद होत गेलेला. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून ग्लास आधी थंड पाण्याने विसळून ओलाच घ्यावा. तो जवळजवळ आडवा धरून बिअर काठावरून सावकाश सोडावी. बाटलीत दोन बोटं उरली की थांबून ती गोल फिरवावी, तळाचा गाळ सुटू द्यावा आणि ग्लास उभा करून तो वर ओतावा. ढगाळपणा त्यानेच येतो. लिंबाची चकती मागणाऱ्यांना द्यावी, पण तिच्या तेलाने फेस मोडतो आणि ज्यासाठी एवढं ४४ अंशांवर थांबलो, ती लवंग लिंबाखाली दबून जाते.