रिक्षावाल्याचा तोंडी हिशेब: बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

सातारहून बेळगावात येऊन मला बरीच वर्षं झाली. दर जूनमध्ये बदली होऊन, शिकायला किंवा कामाला महाराष्ट्रातून नवीन माणसं इकडे येतात आणि पहिल्या आठवड्यातच त्यांचा एक ठरलेला फोन येतो: "काल रात्री रिक्षावाल्यानं इतके घेतले, बरोबर घेतले का?" फोनवर उत्तर देताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

इकडे आल्यावर पहिली सवय सोडायची ती पुण्या-मुंबईच्या रात्रीची. तिकडे रिक्षाची रात्र बाराला सुरू होते आणि भाडं सव्वापट होतं. कर्नाटकात रिक्षाची रात्र साधारण दहालाच सुरू होऊन पहाटे पाचपर्यंत चालते आणि भाडं दीडपट होतं. पुण्याहून आलेला माणूस साडेदहाला बसतो, दीडपट ऐकतो आणि फसवल्यासारखा भांडायला उठतो. तिथे रिक्षावाला खरा असतो. तो चुकतो ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि भांडण भलत्या मुद्द्यावर झाल्यामुळे ती चूक तशीच खपून जाते.

रिक्षाचे दर जिल्हावार ठरतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं परिवहन प्राधिकरण ते ठरवतं, त्यामुळे बेंगळूरूचे आकडे बेळगावला लागू होत नाहीत. आरटीओकडून चालू दरपत्रक घ्या आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. पत्रक कन्नडमध्ये असलं तरी चार शब्द ओळखले की काम भागतं. 'कनिष्ठ दर' म्हणजे किमान भाडं. आपल्याकडे कनिष्ठ म्हणजे धाकटा, म्हणून सुरुवातीला मी तो लहान रिक्षाचा दर समजत होतो. 'कायुविके' म्हणजे थांबण्याचा वेळ, 'रात्रि' तर कळतंच, आणि 'ओंदूवरे पट्टु' म्हणजे दीडपट. हा शेवटचा शब्द कानाला ओळखीचा करून घ्या, कारण रात्री तोच ऐकू येतो.

आता एक प्रवास मांडतो. मी केएलईच्या दवाखान्यात एका नातेवाईकाला भेटून रात्री पावणेअकराला निघालो. जायचं होतं टिळकवाडीत, काँग्रेस रोडवरून दुसऱ्या रेल्वे गेटातून आत. गेट पडलेलं होतं, तिथे बारा मिनिटं उभे राहिलो. रिक्षाचा मीटर बंद होता. उतरताना विचारलं, "किती झाले मामा?" मामांनी बोटांवर मोजून दाखवलं: मिनिमम अमुक, साडेसहा किलोमीटरचे तमुक, त्यावर नाईट, त्यावर वेटिंग. "मोजून सांगतोय वो, उगीच नाही." मी दिले आणि घरी येऊन कागद घेऊन बसलो.

तेव्हाचे दर आता जुने झाले, म्हणून तोच प्रवास बेंगळूरूच्या १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या दरांनी करून दाखवतो. आकडे सरळ आहेत: पहिल्या २ किलोमीटरला ३६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १८. थांबण्याची पहिली ५ मिनिटं फुकट, नंतर दर १५ मिनिटांना किंवा त्यातल्या भागाला १० रुपये. रात्री दहा ते पाच दीडपट. तुमच्या जिल्ह्याचे आकडे त्या जागी घाला, रीत बदलत नाही.

अंतर ६.४ किलोमीटर. त्यातले पहिले २ किलोमीटर ३६ रुपयांतच आले, उरले ४.४. त्यांना १८ ने गुणलं की ७९ रुपये २० पैसे, म्हणजे दिवसाचं भाडं ११५.२०. रात्रीचे निम्मे वाढवले की ५७.६० आणखी, म्हणून १७२.८०. थांबलो बारा मिनिटं, पाच वगळून सात राहिली. ती पंधराच्या एका टप्प्यात बसतात, म्हणून १० रुपये. एकूण १८२.८०, म्हणजे १८३.

मामांच्या रीतीने केलं तर २३६.८० येतात आणि ते गोल होऊन २४० होतात. फरक कुठे पडला? त्यांनी ३६ रुपये किमान भाडं धरलं आणि पुन्हा सगळ्या ६.४ किलोमीटरला १८ लावले. पहिले दोन किलोमीटर दोनदा मोजले गेले. दिवसा याने ३६ रुपये जास्त जातात. रात्री त्याच चुकीवर दीडपट बसून ते ५४ होतात. इतर सगळं त्यांनी बरोबर धरलं होतं, म्हणूनच हिशेब ऐकायला पटणारा वाटला. ही चूक मी नंतर इतक्या वेळा पाहिली की आता कोणी तोंडी हिशेब सांगायला लागला की मी एकच गोष्ट ऐकतो: मिनिमम सांगितल्यावर तो पुढे 'उरलेले' म्हणतो की 'सगळे' म्हणतो. मुद्दाम करतात असंही मला वाटत नाही. बऱ्याच जणांना तो हिशेब तसाच कोणीतरी शिकवलेला असतो.

थांबण्याच्या दहा रुपयांवर दीडपट लावायची की नाही, यावरही वाद होतो. लावली तर एकूण १८७.८० होतात. पाच रुपयांचा मामला आहे, मी तो सोडून देतो. चोपन्न रुपये मात्र सोडत नाही.

मीटर चालू असेल तर वेगळी गंमत होते. काही मीटर रात्रीचं भाडं स्वतःच लावून दाखवतात, काही दिवसाचंच दाखवतात आणि दीडपट आपण करायची असते. मीटरने आधीच लावलेली असताना रिक्षावाला पुन्हा लावतो, तेव्हा १७२.८० चे २५९.२० होतात. हे पकडायला मीटर उलटा वाचायचा. मीटरवर १७२.८० दिसतंय, त्यातून ३६ वजा करा, उरलेल्या १३६.८० ला १८ ने भागा, ७.६ येतील, त्यात सुरुवातीचे २ मिळवा. झाले ९.६ किलोमीटर. नकाशावर अंतर ६.४ आणि मीटर सांगतोय साडेनऊच्या वर, म्हणजे दीडपट त्यात आलेली आहे, आता वर काही मागायचं नाही. उत्तर ६.४ च्या आसपास आलं असतं तर मीटर दिवसाचा होता आणि निम्मे वाढवून देणं रास्त. रेल्वे गेटावर बराच वेळ उभे राहिला असाल तर थांबण्याचे पैसे आधी वजा करा, नाहीतर उत्तर थोडं फुगलेलं येईल.

अंतरात किती फरक चालवून घ्यायचा, तेही सांगतो. मीटर चाकाचे फेरे मोजतो. रिक्षाचं चाक साधारण ४२ सेंटिमीटर व्यासाचं. टायर झिजून व्यास सेंटिमीटरभर कमी झाला तर त्याच रस्त्याला फेरे जास्त होतात आणि मीटर सुमारे अडीच टक्के जास्त दाखवतो. सहा किलोमीटरला हा फरक दीडशे मीटरचा होतो. नकाशातही तेवढं इकडेतिकडे असतंच, म्हणून अर्ध्या किलोमीटरपर्यंतच्या फरकावर मी तोंड उघडत नाही. सहाचे आठ होत असतील तर तो टायर नाही. मग बघायचं ते मीटरवरचं वैधमापन खात्याचं सील. त्याची पडताळणी वेळोवेळी व्हावी लागते. तार तुटकी, सील गायब किंवा तारीख जुनी असली तर रिक्षाचा केए-२२ चा नंबर टिपून आरटीओला कळवा. निपाणी-चिकोडीकडच्या रिक्षा केए-२३ च्या, त्यांची तक्रार तिकडच्या आरटीओकडे.

खरं सांगायचं तर बेळगावात मीटर टाकणारी रिक्षा शोधावी लागते. "मीटर हाक्री" म्हटलं की चालक हसतो, आणि त्यात राग नसतो. म्हणून वरचा हिशेब उतरताना करण्यापेक्षा चढण्याआधी करा. नकाशावर अंतर बघा, पत्रकाने किती होतं ते मनात धरा आणि मग विचारा. १८३ मनात असताना कोणी २०० म्हणाला तर मी बसतो. रात्री हिंडलग्याकडून किंवा सांबऱ्याकडून तो रिकामा परत येणार असतो, तेही मला कळतं. २४० म्हणाला तर विचारतो, "मामा, पहिले दोन किलोमीटर दोनदा धरले काय की?" निम्म्या वेळा आकडा तिथेच खाली येतो.

मोटारीचा हिशेब निराळा आहे आणि नव्या माणसाला तो माहीत नसतो. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शहरातल्या टॅक्सीचे दर सगळ्या कर्नाटकासाठी एकसारखे ठरवले. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पहिल्या ४ किलोमीटरना १०० रुपये, पुढे किलोमीटरला २४. थांबण्याची पहिली ५ मिनिटं फुकट, मग मिनिटाला एक रुपया. मोटारीची रात्र मात्र बाराला सुरू होते, सहाला संपते आणि वाढ फक्त दहा टक्के. रिक्षा आणि टॅक्सी यांची रात्रच वेगळी आहे, हे लक्षात ठेवलं नाही की टॅक्सीच्या बिलात साडेदहाची 'नाईट' खुशाल भरली जाते.

माझाच पावणेअकराचा प्रवास या दरांनी बघा. पहिल्या चार किलोमीटरचे १००, उरलेल्या २.४ चे ५७.६०, गेटावरच्या सात मिनिटांचे ७, रात्रीचं काही नाही. झाले १६४.६०. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की १७२.८३. त्या वेळेला बेंगळूरूच्या दरांनी रिक्षा १८३ ला पडते आणि मोटार १७३ ला! बारा वाजून गेल्यावरही मोटार दहा टक्क्यांनीच वाढते. दिवसा उलट होतं, तीच रिक्षा थांबण्यासकट १२५ ला येते. म्हणून आमच्या घरात आता दहाच्या आधी रिक्षा आणि नंतर मोटार असं ठरलंय, अर्थात मोटार मिळाली तर. वडगाव-अनगोळच्या गल्लीत रात्री ती बोलावली की चालक बऱ्याचदा कोपऱ्यावरूनच फोन करतो, "साहेब, बाहेर या की, गाडी आत वळत नाही."