पुरानंतरचं पहिलं बोलणं: स्वयंसेवकांनी सराव कसा करावा

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं शाळांमध्ये आणि मंगल कार्यालयांत हलवावी लागली. अशा छावणीत धान्य आणि चादरी कशा वाटायच्या हे स्वयंसेवकांना जमतं. अडखळायला होतं ते समोरचा माणूस रडू लागला की. मानसिक प्रथमोपचार त्यासाठीच असतो. तो समुपदेशन नव्हे, त्यामुळे कुणालाही शिकता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत त्याचे तीन टप्पे आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या.

सराव तिघांत करा. एक पूरग्रस्त, एक स्वयंसेवक, एक निरीक्षक. दहा मिनिटांनी भूमिका बदला.

पहिला प्रसंग: पन्नाशीचे एक काका छावणीच्या पायरीवर बसलेत. दोन म्हशी दावणीलाच बुडाल्या. सकाळपासून जेवले नाहीत.

आधी दुरून पाहा. अंगावरचे कपडे ओले आहेत का, जखम आहे का, घरचं कुणी जवळ आहे का? मग शेजारी बसा, उभ्यानं बोलू नका. "काका, मी छावणीत मदतीला आहे. थोडा वेळ बसू का तुमच्याजवळ?" ते गप्प राहिले तर तुम्हीही गप्प राहा. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. शांतता सोसवत नाही आणि तोंडातून निघतं, "जाऊ द्या, जीव वाचला ना." निरीक्षकानं नेमकी अशी वाक्यं टिपायची. "नेमकं काय काय झालं ते सांगा" हेही नको. झालेलं सगळं उकरून सांगायला लावल्यानं आराम पडतोच असं नाही, उलट त्रास वाढू शकतो. स्वतःहून सांगितलं तर ऐका आणि म्हणा, "दावं सोडायलाही वेळ मिळाला नाही तुम्हाला."

थोड्या वेळानं विचारा, "आत्ता सगळ्यात मोठी काळजी कशाची?" ते म्हणतात, "पंचनामा." आता जोडून द्या. तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी छावणीत कधी येणार ते चौकशी करून सांगा. भरपाई मिळेलच, असं मात्र बोलू नका. ते तुमच्या हातात नाही आणि आश्वासन फसलं की पुढच्या स्वयंसेवकावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरा प्रसंग अवघड आहे, तो अनुभवी तिघांना द्या. एक ताई म्हणतात, "आता जगून काय करू?" विषय बदलू नका. सरळ विचारा, "ताई, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं दूर ठेवा, छावणीप्रमुखांना आणि डॉक्टरांना बोलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन लावून द्या आणि बोलणं होईपर्यंत जवळ थांबा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन इथे देता येत नाही.