ब्रँडचं लायसन्स दिलं, मग माल कोण तपासणार? या चुका टाळा

आपलं नाव टी-शर्टवर किंवा दप्तरावर छापायला देताना बहुतेक मालक रॉयल्टीचा टक्का आणि लोगोचा रंग तेवढा बारकाईने बघतात. माल कोण तपासणार, हे कलम दुसऱ्या कुठल्यातरी करारातून उचललेलं असतं, नाहीतर नसतंच.

त्याची किंमत किती मोठी असते, हे अमेरिकेतल्या ‘दा विंची’ वाईनच्या खटल्यात दिसलं. बार्कामेरिका या ट्रस्टने आपला हा ट्रेडमार्क १९८८ साली रेनेसान्स व्हिनयार्ड्सला वापरायला दिला. पुढच्या वर्षी नवा करार झाला, वर्षाला २,५०० डॉलरचा. दर्जाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पुढे ट्रस्टने इटलीतल्या विंची गावची वाईन आणणाऱ्या आयातदाराशी नावावरून भांडण मांडलं, तेव्हा प्रश्न आला: दर्जा कसा राखत होता? उत्तर मिळालं की अधूनमधून वाईन चाखायचो आणि तिथला वाइनमेकर नामांकित होता. तो तर केव्हाच वारला होता. २००२ साली अपील कोर्टाने ट्रस्टचा हक्कच संपल्याचं ठरवलं. वाईन चांगली होती की वाईट, याला कोर्टाने महत्त्वच दिलं नाही. मालकाने लक्ष ठेवलं नाही, एवढं पुरे झालं.

आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५० नुसार करारातली दर्जाची अट पाळली जात नसेल, तर लायसन्सधारकाची ‘नोंदणीकृत वापरकर्ता’ म्हणून झालेली नोंद रद्द होऊ शकते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सॅम्पल बघितलं, आवडलं, ‘ओके’ कळवलं आणि ते परत पाठवून दिलं. माल आला तेव्हा कापड हाताला पातळ लागत होतं, पण ताडून बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आता दोन सॅम्पल सील करून सही-तारखेसह ठेवतो, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. माल सुटण्याआधी जीएसएम, म्हणजे कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन, मोजायच्या कटरने १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापून काट्यावर ठेवायची. १.८ ग्रॅम भरली तर कापड १८० जीएसएम. १.६ भरली तर सूत हलकं झालंय किंवा वीण सैल. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने छपाई घासायची. फडक्याला रंग लागला तर ग्राहकाच्या पहिल्याच धुण्यात बादली रंगू शकते.

कारखान्याने पाठवलेल्या पीसवर मात्र विसंबू नका. ते निवडूनच पाठवलेले असतात. दर तिमाहीला दुकानातून, पैसे देऊन दोन-चार पीस उचला, तपासा आणि नोंद ठेवा. खटला उभा राहिला तर ही बिलं आणि नोंदीच तुमचा पुरावा असतात.

राहिला नापास माल. त्याचं काय करायचं हे करारात नसेल, तर तुम्ही नाकारलेला टी-शर्ट महिन्याभरात तुमच्याच लोगोसकट फुटपाथवर दिसतो. म्हणून लेबल कापणं, छपाई झाकणं किंवा माल नष्ट करून त्याचे फोटो पाठवणं, हे सही करण्याआधीच लिहून घ्या.