वेतन आयोगाचा फरक महिनावार तपासताना या चुका टाळा

सातव्या वेतन आयोगाची थकबाकी निघाली तेव्हा आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर हिशेब केला. जानेवारी २०१६ चा फरक काढला, त्याला महिन्यांनी गुणलं आणि "लेखा शाखेने माझे पैसे कापले" म्हणून तक्रारही लिहून ठेवली. लेखा शाखेचं पत्रक बरोबर होतं. दुसऱ्याच एका माणसाच्या पत्रकात मात्र खरी चूक होती, आणि त्याने ते न वाचताच सही केली होती.

फरकाचं पत्रक म्हणजे दोन बाजू: देय आणि अदा. देय म्हणजे सुधारित दराने त्या महिन्यासाठी मिळायला हवं ते, अदा म्हणजे त्याच महिन्यासाठी आधीच मिळालेलं. गोंधळ देय बाजूला कमी आणि अदा बाजूला जास्त होतो.

उदाहरण घेऊ. १ जानेवारी २०१६ ला एकाचं जुनं मूळ वेतन १५,९०० होतं: वेतनबँडमधले ११,७०० आणि ग्रेड पे ४,२००. याला २.५७ ने गुणलं की ४०,८६३ येतात. इथेच पहिली चूक होते. ४०,८६३ हे नवीन मूळ वेतन नव्हे. ग्रेड पे ४,२०० च्या स्तरात वेतन मॅट्रिक्समध्ये ३९,९०० नंतरचा टप्पा थेट ४१,१०० आहे, म्हणून वेतननिश्चिती ४१,१०० वर होते. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो. त्यामुळे फरक बघण्याआधी सेवापुस्तकातली वेतननिश्चिती आणि पत्रकाची पहिली ओळ जुळवून घ्या.

आता पहिला महिना. देय बाजूला ४१,१०० आणि महागाई भत्ता शून्य, कारण जुना भत्ता नव्या वेतनात मुरलेला आहे. अदा बाजूला १५,९०० आणि त्यावर १२५ टक्के म्हणजे १९,८७५, मिळून ३५,७७५. फरक ५,३२५. जूनपर्यंत हाच.

जुलैमध्ये वेतनवाढ लागते आणि सगळ्यांना वाटतं, आता फरक वाढणार. पण तो घटतो. नवीन वेतन ४२,३०० होतं आणि त्यावर २ टक्के महागाई भत्ता, एकूण ४३,१४६. जुनं वेतन ३ टक्के वाढीने १६,३८० झालं (४७७ ची वाढ दहाच्या पटीत वर नेऊन ४८०), आणि त्यावर जुन्या वेतनश्रेणीचा भत्ता १ जुलै २०१६ पासून १३२ टक्के, म्हणजे २१,६२२. बेरीज ३८,००२. फरक ५,१४४. जुन्या वेतनावरचा भत्ता सात टक्क्यांनी चढला, म्हणून अदा बाजू जास्त फुगली. जानेवारी २०१७ ला नवा भत्ता ४ टक्के आणि जुना १३६ टक्के होतो, तेव्हा हाच फरक ५,३३५ वर जातो. सहा-सहा महिन्यांनी आकडा हलतो, म्हणून पहिल्या महिन्याला गुणून काढलेली बेरीज चुकतेच.

जास्तीत जास्त भांडणं होतात ती या जुलैवरूनच. तुमच्या हातात जुलै २०१६ ची पगाराची स्लिप असते आणि तिच्यात भत्ता १२५ टक्केच दिसतो. आदेश नंतर निघतो, १३२ टक्क्यांची वाढीव रक्कम काही महिन्यांनी वेगळ्या देयकाने मिळते आणि त्या देयकाची स्लिप कुणी जपत नाही. मग माणूस अदा बाजूला १६,३८० आणि २०,४७५ लिहितो आणि फरक ६,२९१ काढतो. दरमहा १,१४७ रुपये जास्त, सहा महिन्यांत ६,८८२. हे पैसे त्याला आधीच मिळालेले असतात. अदा म्हणजे त्या महिन्यात हातात आलेलं नव्हे, त्या महिन्यासाठी मिळालेलं, मग ते केव्हाही मिळो. म्हणून स्लिपांबरोबर महागाई भत्त्याच्या थकबाकीची देयकंही समोर ठेवा. उलट बाजूही तपासा: वाढीव भत्त्याची एखाद्या महिन्याची थकबाकी तुम्हाला मिळालीच नसेल आणि पत्रकात ती अदा धरली असेल, तर तुमचं नुकसान होतं. बँक पासबुक इथे सगळ्यात भरवशाचं.

घरभाडे भत्त्यात याच्या उलट मोह होतो. वेतन सुधारलं म्हणजे सगळेच भत्ते त्या तारखेपासून सुधारले, असं धरून लोक ४१,१०० वर १६ टक्के लावतात आणि ६,५७६ काढतात. जुना भत्ता वाय वर्गाच्या शहरात २० टक्के, म्हणजे ३,१८०. दरमहा ३,३९६ रुपयांचा फरक दिसायला लागतो आणि तो पूर्ण काल्पनिक असतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वेतन १ जानेवारी २०१६ पासून मिळालं, पण सुधारित भत्ते १ जुलै २०१७ पासून. तोवर घरभाडे जुन्या वेतनावर आणि जुन्याच दराने. राज्याचे भत्त्यांचे आदेश वेगळे असतात, म्हणून वेतनाच्या आदेशातल्या तारखेवर थांबू नका, प्रत्येक भत्त्याची अंमलाची तारीख वेगळी वाचा. मधल्या काळात तो भत्ता दोन्ही बाजूंना सारखाच येतो आणि फरक शून्य होतो. एकाच बाजूला लिहिला तर मात्र बेरीज बिघडते. मी पाहिलेली खरी चूक हीच: घरभाडे अदा बाजूला होतं, देय बाजूला नव्हतं, आणि दरमहा ३,१८० रुपये गेले.

विनावेतन रजेचा महिना हा तिसरा अडथळा. समजा मार्च २०१६ मध्ये दहा दिवस अशी रजा होती. ३१ पैकी २१ दिवस धरायचे, दोन्ही बाजूंना. देय २७,८४२. अदा बाजूला मूळ १०,७७१ आणि त्यावर १२५ टक्के १३,४६४, मिळून २४,२३५. फरक ३,६०७. अदा बाजू कापलेली आणि देय बाजू पूर्ण, असं पत्रक कधीकधी संगणकावरही निघतं. तेव्हा आनंद होतो, पण लेखापरीक्षणात वसुली निघते.

स्वतःचा तक्ता करायचा तर प्रत्येक महिन्याला एक ओळ द्या, महिने एकत्र करू नका. बी आणि सी स्तंभात नवीन मूळ वेतन व भत्त्याचा दर, डी आणि ई मध्ये जुनं मूळ व जुना दर, रजेच्या महिन्यात मूळ आधीच कापून लिहा. दुसऱ्या ओळीपासून फरकाचं सूत्र असं:

```
=(B2+ROUND(B2*C2/100,0))-(D2+ROUND(D2*E2/100,0))
```

जानेवारी ते डिसेंबर २०१६ ची बेरीज, वरची रजा धरून, ६१,०९६ येते. पाच महिने ५,३२५ प्रमाणे २६,६२५, मार्चचे ३,६०७ आणि उरलेले सहा महिने ३०,८६४. पहिल्या महिन्याला बाराने गुणणाऱ्याला ६३,९०० दिसतात.

पत्रकात आणि तक्त्यात महिन्याला एखाद्या रुपयाचा फरक असेल तर तो पूर्णांकनाचा, त्यासाठी अर्ज करू नका. शेकडोंमध्ये असेल तर एकूण रकमेवर वाद घालायच्या आधी तो कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते शोधा. जुलैपासून सुरू होत असेल तर वेतनवाढ किंवा भत्त्याचा दर, एकाच महिन्यात असेल तर रजा, आणि पहिल्याच ओळीपासून असेल तर वेतननिश्चिती तपासा. अर्जात तो महिना आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहा. लेखा शाखेतला माणूस तुमची पूर्ण फाईल उघडत बसत नाही, पण एक ओळ लगेच बघतो.