सौरडाग आणि तापमानवाढ: हिशेबातल्या या चुका टाळा

सूर्यावरच्या डागांचा आलेख आणि पृथ्वीच्या तापमानाचा आलेख एकावर एक ठेवला, की पहिल्या नजरेत काहीतरी जुळल्यासारखं वाटतं, आणि तापमानवाढ सूर्यामुळेच होते असा दावा पुढे येतो. डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात. तापमानही दरवर्षी वरखाली होतं. दोन हलत्या रेषांमध्ये मेळ शोधणं फार सोपं असतं. सूर्याचा परिणाम अजिबात नाही असंही नाही. तो आहे आणि मोजताही येतो. चुका होतात त्या तो किती आहे हे ठरवताना.

एक गैरसमज आधी दूर करू. डाग काळे, म्हणजे ते वाढले की सूर्य मंद होत असेल, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलट. डागांच्या आसपास फॅक्युला नावाचे जास्त तेजस्वी पट्टे तयार होतात आणि डागांमुळे झालेली घट भरून काढून ते थोडी भरच घालतात. म्हणून डाग जास्त असताना सूर्य किंचित जास्त प्रखर असतो. हे १९७८ पासून उपग्रहांनी थेट मोजलेलं आहे.

चूक पहिली: १ वॅटची तुलना थेट २ वॅटशी करणं

पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत तिच्यात साधारण १ वॅटचा फरक पडतो. दुसरीकडे, हवेत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे १७५० पासून २०१९ पर्यंत पृथ्वीवर पडलेला उष्णतेचा जादा भार दर चौरस मीटरला सुमारे २.१६ वॅट आहे. दोन्ही आकड्यांचं एकक एकच, म्हणून लोक ते शेजारी मांडतात आणि सांगतात, ‘बघा, सूर्याचा वाटा जवळजवळ निम्मा!’

एकक एकच असलं तरी मोजण्याची जागा वेगळी आहे. तो १ वॅट सूर्याकडे सरळ तोंड करून धरलेल्या सपाट पृष्ठभागावर मोजलेला असतो. पृथ्वी मात्र गोल आहे. ती सूर्यप्रकाश अडवते एका वर्तुळाएवढा, आणि तो वाटला जातो त्या वर्तुळाच्या चौपट क्षेत्रफळाच्या पृष्ठभागावर. कोणत्याही क्षणी त्यातला अर्धा भाग तर रात्रीतच असतो. म्हणून १ ला ४ ने भागायचं: ०.२५. त्यातलाही सुमारे ३० टक्के प्रकाश ढग, बर्फ आणि वाळवंटं परत अवकाशात पाठवतात. उरले साधारण ०.१७ वॅट. कार्बन डायऑक्साइडचा २.१६ हा आकडा मुळातच संपूर्ण पृष्ठभागाच्या सरासरीचा आहे, त्याला पुन्हा भागायचं नसतं. म्हणजे ‘जवळजवळ निम्मा’ म्हणून सांगितलेला वाटा प्रत्यक्षात बाराव्या-तेराव्या हिश्श्याएवढा निघतो. आणि तोसुद्धा फक्त चक्राच्या शिखरावर, तळाच्या तुलनेत.

चूक दुसरी: झोका आणि चढ यांत गल्लत

ही चूक जास्त खोल आहे, म्हणून इथे जरा थांबू. ते ०.१७ वॅट पाच-सहा वर्षांत येतात आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत निघून जातात. समुद्राला तापायला वेळ लागतो, त्यामुळे इतक्या थोड्या काळात पृष्ठभागाच्या जागतिक सरासरीत तळ ते शिखर जेमतेम ०.१ अंश सेल्सिअसचा फरक पडतो, आणि तोही चक्र उतरलं की ओसरतो. कार्बन डायऑक्साइडचा भार मात्र परत जात नाही. अलीकडे तो दर दशकात सुमारे ०.३ वॅट नव्याने चढतो आणि आधीच्या भारावर साचत जातो.

झोका कुठला आणि चढ कुठला हे ओळखण्याची एक साधी रीत आहे: तळाची तुलना तळाशीच करा. सूर्य जेव्हा जेव्हा सगळ्यात शांत होता, तेवढीच वर्षं उचला. १९८६, १९९६, २००८ आणि २०१९ ही लागोपाठच्या चार तळांची वर्षं. १९५१ ते १९८० च्या सरासरीशी तुलना केली, तर नासाच्या नोंदीत पृथ्वी १९८६ मध्ये सुमारे ०.२ अंशाने, १९९६ मध्ये ०.३ ने, २००८ मध्ये ०.५ ने आणि २०१९ मध्ये जवळजवळ १ अंशाने उष्ण होती. चारही वेळा सूर्य जवळपास तेवढाच, तापमान मात्र ३३ वर्षांत सुमारे ०.८ अंश वर. कोणी म्हणेल, २००८ मध्ये ला निना होती, ते वर्ष थोडं थंडच असणार. बरोबर आहे. ते वगळा. उरलेल्या तिन्हींचा चढ तरीही तसाच दिसतो.

शिवाय १९५७-५८ च्या सुमारास शिखर गाठलेलं चक्र नोंदींतलं सर्वांत जोरदार होतं, तर २०१४ मध्ये शिखर गाठलेलं चक्र त्याआधीच्या शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं. तापमानाची मोठी वाढ या दोहोंच्या मधल्या काळातली आहे.

चूक तिसरी: आलेखाच्या टोकावर विश्वास ठेवणं

१९९१ मध्ये एगिल फ्रिस-क्रिस्टेन्सन आणि क्नुड लासेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी सौरचक्राची लांबी आणि उत्तर गोलार्धातल्या जमिनीचं तापमान यांचा एक आलेख प्रसिद्ध केला. दोन्ही रेषा थक्क व्हावं इतक्या जुळत होत्या आणि तो आलेख पुढे अनेक वर्षं फिरत राहिला. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर लाउट यांनी तो बारकाईने तपासला तेव्हा गोम शेवटच्या चार बिंदूंत सापडली. आधीचे बिंदू शेजारच्या चक्रांशी सरासरी काढून गुळगुळीत केलेले होते, पण शेवटच्या चक्रांपुढे आणखी चक्रंच नव्हती, म्हणून तिथे अर्धवट गुळगुळीत केलेले किंवा कच्चे आकडे तसेच जोडले गेले होते. अलीकडच्या तापमानवाढीशी जुळणारा उंच चढ नेमका या चार बिंदूंनी तयार झाला होता. सगळीकडे एकच पद्धत लावली की तो उरत नाही.

असा आलेख समोर आला की एवढंच पाहा: रेष ‘११ वर्षांची मध्यवर्ती सरासरी’ म्हणून काढली असेल, तर ती शेवटच्या वर्षाच्या पाच वर्षं आधी थांबायला हवी. थांबत नसेल, तर टोकाला काहीतरी वेगळं चिकटवलेलं आहे.

फक्त जमिनीलगतचं तापमान पाहणं

सूर्य प्रखर झाल्याने पृथ्वी तापत असती, तर वरचा थर, म्हणजे स्थितांबरही तापलं असतं. किंबहुना ते जास्तच तापलं असतं, कारण चक्रात अतिनील किरण टक्केवारीने दृश्य प्रकाशापेक्षा खूप जास्त बदलतात आणि ओझोन ते तिथेच शोषतो. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि स्थितांबर थंड होत गेलं आहे. ओझोनच्या ऱ्हासाचाही त्यात हात आहे, पण स्थितांबराच्या वरच्या भागातली थंडी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. सूर्याच्या खाती ती मांडायला जागाच नाही.

उलट दिशेची घाई

सूर्याचा वाटा शून्य धरणं हीसुद्धा चूकच. डिसेंबर २०१९ मध्ये चक्र तळाला होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये शिखराला. त्यामुळे २०२३-२४ च्या विक्रमी उष्णतेत काही शतांश अंश सूर्याचे होते. पण सुरुवात तळावर आणि शेवट शिखरावर अशी पाच वर्षं निवडून तोच वेग पुढे ताणला, तर पुन्हा झोक्यालाच चढ समजल्यासारखं होतं. पुढचा तळ २०३० च्या आसपास येईल आणि ते शतांश परत जातील. २०१९ च्या तापमानाशेजारी ठेवायचं ते तेव्हाचं तापमान.